दसरा काढतेय: वन बीएचके, नळाच्या वाराप्रमाणे

पितृपक्ष अर्धा सरला. घट बसायच्या आत लातूरच्या आमच्या छोट्या फ्लॅटचा दसरा काढून व्हायला हवा. यंदा खोल्यांचा क्रम मी नळाला पाणी यायच्या दिवसावर बांधला आहे. नळ रोज येत नाही आणि बोअरचं पाणी क्षाराचं. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना बादलीचा हिशेब सांगायची गरज नाही. म्हणून कोरडी कामं नळ नसलेल्या दिवशी, स्वयंपाकघर नळाच्या आदल्या दिवशी आणि सगळं ओलं काम नळाच्या दिवशी.

कोरड्या कामाची सुरुवात माळ्यापासून केली, कारण वरची धूळ शेवटी खालीच येते. हॉल आणि बेडरूम मिळून एका दुपारीत उरकलं. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून ओढला की धूळ आतच राहते, गादीवर सांडत नाही. ज्वारीची कोठी रिकामी करून उन्हाला ठेवली. तळाशी पीठासारखी भुकटी दिसली तर सोंडे लागलेत असं समजायचं. अशी ज्वारी चाळून कडक उन्हात पसरायची आणि कोठी पूर्ण कोरडी झाल्यावरच परत भरायची. आमची चांगली निघाली.

स्वयंपाकघराने मात्र जवळजवळ पूर्ण दिवस घेतला. शेगडीमागच्या टाइल्सवर वर्षभराच्या फोडणीचा चिकटा बसला होता. तो घासून निघत नाही, नुसता पसरतो. अर्ध्या बादली कडक पाण्यात वाटीभर धुण्याचा सोडा विरघळवला, रबरी हातमोजे घातले, जुन्या सुती साडीचे तुकडे त्यात भिजवून टाइल्सवर चिकटवले आणि पंधरा-वीस मिनिटं तसेच राहू दिले. सोड्याने तेलाचा साबण होतो, मग फडक्याबरोबर चिकटा सहज उतरतो. नंतर साध्या पाण्याने पुसून बोट फिरवायचं. बोट घसरलं तर सोडा अजून आहे, पुन्हा पुसायचं. बोट अडखळून टाइल कचकचली की झालं. एक्झॉस्टची जाळी त्याच पाण्यात बुडवली. ॲल्युमिनियमचं काही या पाण्यात घालू नका, काळं पडतं. शेगडीचे बर्नर ॲल्युमिनियमचे असतील तर ते साध्या भांड्याच्या साबणानेच धुवा.

काल नळ आला. पहाटेच टिपाड आणि सगळ्या बादल्या भरून घेतल्या. क्रम ठरलेला: आधी गोधड्या, मग फरशी, शेवटी बाथरूम. गोधड्यांना सगळ्यात स्वच्छ पाणी लागतं, आणि घरातलं सगळं मळकं पाणी शेवटी बाथरूमच्याच मोरीत जातं.

आमच्या क्षाराच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, नुसती पांढरी साय तरंगते, आणि ती गोधडीत अडकली की कापड कडक वाळतं. म्हणून बादलीत आधी एक-दोन चमचे सोडा टाकून दहा मिनिटं थांबले, साबण त्यानंतर. सोडा पाण्यातला चुना खाली बसवतो, मग साबण कमी लागतो. हे सुती गोधड्यांपुरतंच. लोकर आणि रेशीम सोड्यात कधीच नाही. शेवटच्या खळबळण्याचं पाणी वेगळ्या बादलीत काढलं आणि त्याच पाण्याने हॉल, बेडरूमची फरशी पुसली.

"पाऊस परतून येतो गं, आज सगळ्या भिजवू नकोस," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. परतीचा पाऊस आमच्याकडे घटांच्या तोंडावरच गाठतो, आणि जाड गोधडी आतपर्यंत वाळायला दोन उन्हं लागतात. अर्धवट वाळलेली घडी केली की कुबट वास बसतो. निम्म्याच धुतल्या, बाकीच्या पुढच्या नळाला.

बाथरूममध्ये नळांवरचा पांढरा थर काढायला लिंबूसत्त्व वापरलं: लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. त्यात भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळलं, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. पंधरा मिनिटांनी थर जुन्या टूथब्रशने निघाला. जाड थराला दुसऱ्यांदा गुंडाळायचं, पण एकदम तासभर ठेवायचं नाही, चकाकी जाते. हे पाणी खाली ठिबकू देऊ नका. आमच्या मोरीला शहाबादी आहे. शहाबाद आणि कोटा दोन्ही चुनखडीचे दगड, आंबटाने त्यांची पॉलिश कायमची उडते. फरशी कसली हे माहीत नसेल तर आडबाजूच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाहा. बारीक बुडबुडे आले किंवा डाग निस्तेज झाला तर चुनखडी समजा. त्या फरशीला साबणाचं पाणी आणि ब्रश, एवढंच. आणि लिंबूसत्त्व लावलेल्या जागी त्याच दिवशी ब्लीचिंगचं पाणी टाकू नका, क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

आता उरल्या निम्म्या गोधड्या, बाल्कनी आणि देवघर. पुढचा नळ सर्वपित्रीच्या आधी यायला हवा. नाही आला तर गोधड्या दिवाळीपर्यंत थांबतील, देवाची पितळी भांडी मात्र अमावस्येच्या संध्याकाळी चिंचेने घासणारच. त्याला तांब्याभर पाणी पुरतं.