डिस्चार्जच्या दिवशी लागलेला बेडसोर

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ८१. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, नाकातल्या नळीतून जेवण, लघवीला कॅथेटर आणि खाली डायपर. दवाखान्यातले दिवस तसे नीट गेले. सिस्टर दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायच्या, पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदावर वेळ लिहायच्या, आणि गादी हवेची होती. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा राग आहे तो डिस्चार्जच्या एका दिवसावर, आणि तो अजून गेलेला नाही.

सकाळी राउंडला डॉक्टर म्हणाले, आज घरी न्या. दहाच्या सुमारास वॉर्डबॉय आला. "मॅडम, बेड खाली करायचाय, नवीन पेशंट आलाय. बाबांना खुर्चीवर घेऊ, फाइल बिलिंगला गेली आहे." अर्ध्या तासात निघू या समजुतीत आम्ही अण्णांना व्हीलचेअरवर बसवलं आणि बिलिंगच्या खिडकीसमोर जाऊन थांबलो.

मग फाइल फार्मसीत होती. मग डिस्चार्ज समरीवर सही करणारे डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. दुपारनंतर कळलं की फायनल बिल विमा कंपनीकडे आत्ता कुठे पाठवलंय, "आता अप्रूव्हल आलं की लगेच." खिडकीतल्या मुलीचं 'लगेच' ऐकून ऐकून मला तिचा आवाज पाठ झाला. विमा नियामकाचं मे २०२४ चं परिपत्रक आहे की दवाखान्याची डिस्चार्जची विनंती आल्यापासून कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. नियम चांगला आहे. पण घड्याळ विनंती पोचल्यावर सुरू होतं. फाइल इमारतीतल्या इमारतीत फिरते ते तास त्यात कुणीच धरत नाही. आम्ही अँब्युलन्समध्ये बसलो तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

या सगळ्या वेळात अण्णा खुर्चीत होते. कसे होते ते सांगते, कारण सगळं नुकसान त्या बसण्यात झालं. लुळा माणूस ताठ बसू शकत नाही. तो हळूहळू पुढे घसरतो आणि बैठकीच्या हाडांवर बसण्याऐवजी माकडहाडावर टेकतो. आपण त्याला काखेत धरून वर ओढतो, तो पुन्हा घसरतो. यात कातडी खुर्चीच्या रेक्झिनला चिकटून जागीच राहते आणि आतलं हाड खाली सरकतं. मधल्या मांसातल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात, मुडपतात, त्यांतलं रक्त थांबतं. वरून दाब आणि आतून ही खेच असली की नुसत्या दाबापेक्षा नुकसान कितीतरी लवकर होतं. त्यात डायपर ओला होता. मी दोनदा विचारलं, कुठे तरी आडवं करू द्या, डायपर बदलायचाय. उत्तर आलं, "आता तुमचा बेड नाही ना." स्ट्रेचर मागितलं तर ते कॅज्युअल्टीत लागतं म्हणाले.

घरी आल्यावर रात्री मी पाठ बघितली. माकडहाडावर थोडी लाली होती. बोटाने दाबून सोडलं की निरोगी जागेची लाली क्षणभर पांढरी होते आणि परत येते. तशी ती होत नसेल तर ती बेडसोरची पहिली पायरी, म्हणजे कातडी शाबूत पण दाब लागलेला. पण अण्णा सावळे आहेत आणि सावळ्या अंगावर हा पांढरेपणा नीट दिसतच नाही. आमच्याकडे ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांनी नंतर शिकवलं की रंगावर विसंबू नका, हाताची पालथी बाजू लावा. शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम किंवा गार लागते का, टणक किंवा पिठासारखी मऊ लागते का, तिथे हात लावला की पेशंट तोंड वाकडं करतो का. दिवसातून दोनदा हे करायचं, उजेडात.

दोन दिवसांनी तीच जागा जांभळी दिसली. वांग्याच्या सालीचा रंग, रुपयापेक्षा मोठा डाग, कातडी कुठेही फाटलेली नाही. कामाला ठेवलेल्या मावशी म्हणाल्या, "मार लागलाय, तेल लावून चोळू." मी चोळू दिलं नाही. सिस्टरांनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दोन-तीन दिवसांपूर्वी कुठे बराच वेळ बसवलं होतं का?" माझ्या डोळ्यांपुढे ती बिलिंगची खिडकी आली. त्यांनी सांगितलं ते असं. ही जखम कातडीपासून सुरू होत नाही, हाडाला लागून असलेल्या मांसात सुरू होते. वर यायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. म्हणून जांभळा डाग दिसला की आजचं नाही, परवाचं आठवायचं.

बेडसोरच्या चार पायऱ्या सगळीकडे वाचायला मिळतात, पण वाचून असं वाटतं की जखम एकेक पायरी चढत जाते आणि पहिलीवर पकडली की झालं. आमच्याकडे तसं झालं नाही. दुसरी पायरी म्हणजे वरची कातडी गेलेली, खाली गुलाबी ओलसर जागा किंवा पाण्याचा फोड. ती आम्ही पाहिलीच नाही. जांभळ्या डागावर आठवड्याभरात काळी खपली धरली. सर्जन घरी येऊन गेले. म्हणाले, खपलीखाली किती खोल आहे ते दिसत नाही, तोवर याला कुठलीच पायरी देता येत नाही. खपलीच्या कडा मऊ होऊन ओल सुटायला लागली तेव्हा त्यांनी मेलेली कातडी काढली. खाली पिवळट चरबी दिसत होती, म्हणजे तिसरी. हाड, स्नायू किंवा स्नायू हाडाला जोडणारी कंडरा दिसली असती तर चौथी. ते टळलं एवढ्यावर त्या दिवशी मी समाधान मानलं.

एक मात्र: टाचेवर अशी काळी खपली असेल, कोरडी आणि घट्ट बसलेली, भोवती लाली-सूज-पू नसेल, तर तिला हात लावायचा नाही. ती तिथे झाकणाचं काम करते. हे सर्जननीच बजावून सांगितलं, कारण मावशींच्या हातात कात्री होती.

जखम भरायला महिने गेले. मिठाच्या निर्जंतुक पाण्याने, म्हणजे नॉर्मल सलाइनने धुणं आणि वर फोमचं ड्रेसिंग, एवढंच सिस्टर करायच्या. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून आपल्याला बरं वाटतं, पण नवी उगवणारी नाजूक पेशीसुद्धा त्यात मरते, म्हणून ती बाटली त्यांनी कपाटात ठेवायला लावली. जखमेला घाण वास यायला लागला, भोवतीची लाली पसरत गेली किंवा ताप आला, तर ड्रेसिंगच्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा, असंही सांगून ठेवलं होतं.

पण ड्रेसिंगपेक्षा जास्त काम कूस बदलण्याने केलं. आम्ही सुरुवातीला अण्णांना पूर्ण कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपवायचो. त्यात खुब्याचं हाड थेट गादीवर येतं आणि तिथे नवी जखम होते. पाठीमागे उशी सारून अर्धवट, ३० अंशांएवढंच कलतं करायचं. हाताने तपासायचं की माकडहाड आणि खुबा दोन्ही गादीवरून सुटलेत. दोन गुडघ्यांमध्ये उशी. पोटरीखाली लांब उशी अशी की टाचा हवेत तरंगतील. टाचेखाली उशी नाही, पोटरीखाली. वर सरकवायचं असेल तेव्हा काखेत धरून ओढायचं नाही, कमरेखाली आडवी चादर घालून दोघांनी उचलायचं.

रबराचं गोल चाक, ज्याला रिंग म्हणतात, ते चुलत सासूबाई प्रेमाने घेऊन आल्या होत्या. त्याने मधल्या जागेवरचा दाब जातो असं वाटतं, पण कडेच्या गोलावर सगळं वजन येतं आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. ते माळ्यावर आहे. स्पिरिट लावून पावडर चोळण्याचंही तसंच. पूर्वी दवाखान्यातसुद्धा करायचे. स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि लाल जागा चोळली की आतलं आधीच दुखावलेलं मांस आणखी फाटतं. शी-शू झाली की कोमट पाण्याने धुवून, टिपून कोरडं करून झिंक ऑक्साइडचं मलम, एवढं पुरतं.

हवेची गादी भाड्याने मिळते. तिचा पंप सुरू आहे म्हणजे काम होतंय असं धरू नका. पेशंट झोपलेला असताना गादीच्या खालून, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळहात वर करून घालायचा. हाताला हाड टेकल्यासारखं लागलं तर हवा कमी आहे. मध्ये निदान इंचभर जाडी जाणवली पाहिजे. आणि वरून रेक्झिन, रजई, दोन चादरी असे थर घातले की गादीचा उपयोग गेला. एक सुती चादर, चुण्या न पडलेली. गादी असली तरी कूस बदलावीच लागते.

नळीतून जेवण देताना डोकं ३० ते ४५ अंश वर हवं आणि नंतर तासभर तसंच, नाहीतर अन्न फुप्फुसात जाण्याची भीती. पण डोकं वर केलं की पेशंट खाली घसरतो, म्हणजे पुन्हा तीच खुर्चीतली खेच. यावर उपाय साधा आहे, पण मला तो उशिरा कळला: आधी गुडघ्यांखाली उशी घालून पाय थोडे मुडपायचे, मग डोक्याकडची बाजू वर करायची. तास झाला की परत ३० अंशांच्या खाली आणायचं. जेवणात आहारतज्ज्ञांनी किलोमागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं सांगितली. अण्णा ५२ किलो, म्हणजे ६५ ते ७८ ग्रॅम. नुसत्या पेजेने आणि वरणाच्या पाण्याने हे होत नाही. आम्ही दूध, घोटलेलं पनीर, अंड्याचं पांढरं आणि प्रोटीन पावडर यांवर भागवलं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

आणि डिस्चार्जचं. विमा असेल तर आदल्या दिवशीच विचारून ठेवा की फायनल बिल किती वाजता पाठवणार. मंजुरी हातात येईपर्यंत पेशंटला पलंगावरून उठवू देऊ नका. बेड हवाच असेल तर दुसरा बेड किंवा गादीचं स्ट्रेचर मागा, आणि ते लेखी मागा. लेखी म्हटलं की स्ट्रेचर सापडतं, हे मला शेजारच्या पेशंटच्या मुलाने सांगितलं, पण संध्याकाळी.

मी दवाखान्याला तक्रारीचं पत्र दिलं. उत्तर आलं की नोंदीनुसार पेशंट घरी गेला तेव्हा त्वचा अखंड होती. ते खरंच आहे, अखंडच होती. म्हणून निघताना सिस्टरांसमोर पाठ, खुबे आणि टाचा उघडून बघा, फोटो काढा, आणि समरीवर 'त्वचा अखंड' एवढ्यावर थांबू न देता माकडहाडावरचा रंग, गरमपणा, टणकपणा आणि तपासल्याची वेळ लिहून घ्या. सकाळची वेळ असेल तर निघतानाची पुन्हा.