पावसाचा आलेख आणि डावीकडचे आकडे : माझा अनुभव

आमच्या भागातल्या बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप गटावर पावसाळाभर रोज सकाळी एक आलेख जातो. गोव्यातल्या फोंडा आणि सत्तरी तालुक्यांतल्या तीन कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या बागांत, पर्जन्यमापक आहेत. तिथले लोक साडेआठला मोजलेला पाऊस एका सामायिक शीटमध्ये भरतात आणि नऊला माझ्या घरच्या संगणकावर ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमची एक छोटी स्क्रिप्ट चालून गेल्या तीस दिवसांचे चित्र तयार होते. हे चित्र नुसते माहितीसाठी नसते. पोफळीला कोळेरोग लागू नये म्हणून एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण पावसाच्या तोंडावर मारतात आणि सुमारे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी फवारणी करतात. ही दुसरी फवारणी नेमकी भर पावसात येते. उघडीप आहे का, झाड निसरडे आहे का, चढणाऱ्या माणसाला बोलवावे का, हे ठरवताना लोक या आलेखाकडे बघतात.

आलेख मी हातात घेतला तेव्हा उभ्या अक्षाची वरची मर्यादा ग्नूप्लॉट स्वतः ठरवत असे. खालचे टोक शून्यावर बांधलेले आणि वरचे मोकळे: `set yrange [0:*]`. एकच चित्र एकदाच काढायचे असेल तर यात काही वावगे नाही. रोज नवे चित्र निघू लागले की यातून काय होते, ते मला जुलैच्या शेवटी नीट दिसले.

जूनअखेरीला आमच्या एका केंद्रावर एकाच दिवसात 164 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ग्नूप्लॉट मोठ्यात मोठा आकडा बघून त्याच्या पुढच्या खुणेपर्यंत अक्ष नेतो. खुणा वीस-वीसच्या पडल्या, म्हणून अक्ष 180 वर गेला. तो खांब तीस दिवसांच्या खिडकीत होता तोवर 40 मिलिमीटरचा दिवस चौकटीच्या जेमतेम पावपट उंचीचा दिसे आणि रिमझिमीचे दिवस तळाशी चिकटलेले असत. मग एका सकाळी तो दिवस खिडकीबाहेर गेला. उरलेल्यांत सर्वांत मोठा आकडा 52 होता, त्यामुळे अक्ष 60 वर आला आणि तोच 40 मिलिमीटरचा खांब चौकटीच्या दोनतृतीयांश उंचीवर जाऊन बसला. म्हणजे एका रात्रीत उरलेले सगळे खांब तिप्पट झाले आणि आदल्या दिवशी पाऊस मात्र थेंबभरही पडला नव्हता.

शेजारच्या काकांचा लगेच फोन आला. "अरे, कालपर्यंत नुसत्या रेघा होत्या, आज एवढे खांब कुठून आले? पाऊस वाढलाय ना?"

"नाही काका, पाऊस तोच आहे. डावीकडचे आकडे बदललेत."

"आकडे कोण बघतो रे सकाळी? मी उंची बघतो."

काकांचे बरोबरच होते. फोनवर चित्र आधी लहान दिसते, त्यात अक्षावरचे आकडे वाचताच येत नाहीत. लोक कालचे आणि आजचे चित्र बोटाने मागेपुढे करून बघतात आणि डोळा उंचीतला फरक टिपतो. रोजच्या आलेखात वाचकाच्या डोक्यात कालचे चित्र असतेच. आजचे त्याच मापाने काढले नसेल तर तुलना खोटी ठरते. शिवाय आमचे तीन केंद्रांचे तीन आलेख शेजारी शेजारी असत आणि प्रत्येकाचा अक्ष वेगळा. डोंगराच्या पायथ्याचे सत्तरीतले केंद्र आणि फोंड्याकडचे केंद्र सारखेच भिजलेले दिसत.

मग मर्यादा पक्की बांधायची हे ठरले, पण कितीवर? पहिली सूचना आली की 300 ठेवा, म्हणजे कोणताही दिवस मावेल. माझ्या चित्रात आलेखाची चौकट 480 पिक्सेल उंच आहे. हवामान खाते 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरते, आणि फवारणीसाठी आम्हाला नेमका हाच उंबरठा दिसायला हवा. 300 च्या अक्षावर 2.5 मिलिमीटरला चार पिक्सेल मिळतात. फोनवर चित्र निम्म्याहून लहान झाले की तो खांब तळरेषेत मिसळून जातो. 120 च्या अक्षावर दहा पिक्सेल मिळतात, ते लहान पडद्यावरही दिसतात. आणि 120 हा आकडा हवेतून काढलेला नाही. खात्याच्या वर्गवारीत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार आणि 204.5 पासून पुढे अत्यंत मुसळधार. 120 वर अक्ष बांधला की 64.5 आणि 115.6 च्या दोन आडव्या रेषा रोज त्याच जागी राहतात. आपोआप ठरणाऱ्या अक्षावर अशा रेषा दिवसागणिक वर-खाली सरकतात आणि अक्ष 60 वर आला की चौकटीतून गायबच होतात.

पक्क्या अक्षाची स्वतःची एक अडचण आहे, आणि तिचा धोका मला जास्त वाटतो, कारण ती दिसत नाही. ग्नूप्लॉट चौकटीबाहेर जाणारा खांब मुकाट्याने वरच्या कडेला कापतो. ना सूचना, ना खूण. 125, 164 आणि 230 मिलिमीटरचे दिवस अगदी एकसारखे दिसतात. ज्या दिवशी ओहोळ बागेत शिरतो, नेमक्या त्या दिवशी आलेख काहीच सांगत नाही.

यावर ग्नूप्लॉटमध्ये एक मधली वाट आहे, ती मी काही आठवडे वापरून पाहिली:

```
set yrange [0:120<*]
```

याचा अर्थ असा की वरचे टोक आपोआप ठरू दे, पण 120 च्या खाली येऊ नये. बहुतेक दिवस अक्ष 120 वर स्थिर राहतो आणि मोठा पाऊस झाला तरच वाढतो. ऐकायला ही तोड उत्तम वाटते. पण सरकत्या खिडकीत तिच्यामुळे मूळ दुखणे फक्त कमी वेळा होते, जात नाही. 164 चा दिवस आला की अक्ष 180 वर चढतो, आणि तीस दिवसांनी तो गेला की पुन्हा 120 वर उतरतो. दोन्ही वेळा बाकीचे खांब विनाकारण हलतात. त्यातही चढताना निदान कारण समोर दिसते, उतरताना तेही दिसत नाही.

म्हणून शेवटी अक्ष 120 वरच ठेवला आणि कापल्या जाणाऱ्या खांबावर त्याचा खरा आकडा लिहिला:

```
TOP = 120
set yrange [0:TOP]
plot 'paus.dat' using 1:2 with boxes, \
  '' using 1:($2>TOP ? TOP*0.95 : NaN):(sprintf("%g",$2)) \
  with labels textcolor rgb "white"
```

`plot` मधला दुसरा भाग फक्त 120 च्या वरचे दिवस निवडतो आणि बाकीच्यांना NaN, म्हणजे 'आकडा नाही', देऊन सोडून देतो. आकडा खांबाच्या आतच, वरच्या कडेखाली पांढऱ्या अक्षरांत येतो. त्यासाठी खांब गडद रंगाने भरलेले हवेत. असे दिवस मोजकेच असतात, त्यामुळे गर्दी होत नाही. पण कापलेल्या खांबांची उंची आपसात तुलना करायला निरुपयोगी आहे हे मान्य करावेच लागते. एखाद्या आठवड्यात रोजच 120 ओलांडले तर सगळे खांब सारखे दिसतील आणि लोकांना आकडेच वाचावे लागतील. आमच्या कामाला हे चालते, कारण 164 आणि 230 यांपैकी कोणत्याही दिवशी फवारणीचा प्रश्न येत नाही. आमचा निर्णय तळाच्या दहा मिलिमीटरमध्ये होतो.

हंगामाच्या एकूण पावसाचा आलेख मात्र वेगळ्या नियमाने चालतो. 1 जूनपासूनची बेरीज वाढतच जाते, कधी कमी होत नाही. दोन्ही अक्ष मोकळे सोडले तर ती रेषा रोज चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्याजवळ संपते. जूनमध्ये 400 मिलिमीटर असोत की ऑगस्टमध्ये 2,500, चित्र जवळपास तेच. तिथे आडवा अक्ष 1 जून ते 30 सप्टेंबर असा बांधला आणि उभ्याला `[0:5000<*]` दिले. इथे ही मधली वाट शोभते, कारण बेरीज घटत नसल्यामुळे एकदा वाढलेला अक्ष त्या हंगामात परत खाली येत नाही. आता रेषा रोज थोडी पुढे सरकते आणि उरलेली रिकामी जागा म्हणजे उरलेला हंगाम.

उभ्या अक्षावर एवढी चर्चा झाली, पण सर्वांत घातक गोष्ट आडव्या अक्षावर निघाली. नेट नसले किंवा वीज गेली की एखाद्या केंद्राची नोंद दोन-दोन दिवस येत नाही. तारखांचा अक्ष मोकळा असेल तर आलेख शेवटच्या नोंदीपाशी संपतो, आणि परवाचा खांब उजव्या कडेला, म्हणजे जिथे लोक 'आज' शोधतात तिथे येऊन उभा राहतो. चित्र भरलेले दिसते, कोणाला शंका येत नाही. म्हणून खिडकी नोंदींवरून न ठरवता घड्याळावरून ठरवली:

```
set xrange [time(0)-30*86400:time(0)+86400]
```

86400 म्हणजे एका दिवसाचे सेकंद. एक दिवस पुढे ठेवला तो आजचा खांब कडेला कापला जाऊ नये म्हणून. आता नोंद नसेल तर उजवीकडे भोक दिसते. पण शून्य पावसाचा दिवसही रिकामाच दिसतो, आणि कोरडा दिवस व न मोजलेला दिवस यांत फवारणीच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. त्यामुळे शीटमधला कोरा रकाना आणि 0 यांत स्क्रिप्ट फरक करते आणि कोऱ्या दिवसाखाली तळरेषेवर लहानशी फुली मारते. पहिल्याच आठवड्यात काकांनी गटावर विचारले, "सत्तरीत दोन फुल्या का?" तासाभरात तिथल्या मुलाने राहिलेल्या नोंदी भरल्या.

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरतो आणि 120 चा अक्ष फारच उंच वाटू लागतो. तेव्हा तो 60 वर आणायचा असे आम्ही ठरवले, पण आकड्यांवरून नाही, तारखेवरून: 1 ऑक्टोबरला. त्या दिवशी गटावर दोन चित्रे जातात, तीच माहिती जुन्या अक्षावर आणि नव्या अक्षावर, आणि शीर्षकात ठळक लिहिलेले असते, 'आजपासून अक्ष 0 ते 60'. 1 जूनला तो पुन्हा 120 होतो.