आत्येची वाटी, माझा वजनकाटा आणि दोनशे दहा मोदक

आमच्याकडे गुहागरकडच्या घरी गणपतीत सगळं कूळ जमतं, मुंबई-पुण्याचे, डोंबिवलीचे, रत्नागिरीचे, मुलंबाळं धरून साठ-सत्तर पानं सहज. यंदा मोदकांचं माझ्याकडे आलं. आत्ये म्हणाली हाताला आता जोर नाही, उकड मळायला तूच बस. आता आत्येची कृती काय तर "एक वाटी पिठी, एक वाटी पाणी, दोन वाट्या नारळाचा चव, वाटीभर गूळ, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप" आणि त्यात होतात बारा मोदक. मला करायचे होते दोनशे दहा, म्हणजे एकवीसचे दहा नैवेद्य म्हणा ना. चुलतबहीण म्हणाली अगं सतरा-अठरा वाट्या घे, झालं की. तिने स्वतः ही कृती कधीतरी कपात लिहून ठेवली होती, तिच्या प्लॅस्टिकच्या कपात दोनशे चाळीस मिली बसतात आणि आत्येच्या वाटीत किती ते कुणालाच ठाऊक नाही. बारा मोदकांना याने काही बिघडत नाही, पिठी आणि पाणी दोन्ही त्याच भांड्याने घेतलं की प्रमाण जुळतं. पण दोनशे दहाला नारळ किती फोडायचे, पिठी किती दळून आणायची हे कपावरून कसं कळणार, म्हणून ठरवलं की सगळं ग्रॅममध्ये आणायचं.

पहिल्यांदा वाटीच तोलली. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य केला, काठोकाठ पाणी भरलं, आलं 180 ग्रॅम. पाण्याचं एक मिली म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे वाटी 180 मिलीची हे लगेच कळलं. मग पिठी. इथेच खरी गंमत आहे. पिठी चाळून चमच्याने अलगद टाकून सपाट केली तर वाटीत साधारण 100 ग्रॅम बसते, आणि आत्ये भरते तशी म्हणजे डब्यात वाटी खुपसून, वरून बोटाने जरा दाबून, शीग काढून, तर 118. वाटी तीच, पिठी तीच आणि फरक 18 ग्रॅमचा. एका घाण्याला तो हाताला कळतो आणि मळताना आपण आपोआप सावरून घेतो. अठरा वाट्यांना हाच फरक 300 ग्रॅमच्या वर जातो, तिथे सावरणं वगैरे काही राहत नाही.

म्हणून मी आत्येला म्हटलं तू तुझ्या पद्धतीने एक घाणा कर, मी फक्त तोलते. "अगो, सोनं तोलत्येस काय?" असं म्हणाली पण केलन. मी काय केलं, तिच्या हातात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी आणि नंतर तोलली. पिठीचा डबा घेण्याआधी आणि घेतल्यावर, तुपाचं भांडं तसंच. यात तिला काही मोजायला लागलं नाही, ती तिच्या सवयीने करत राहिली आणि आकडा मला मिळत गेला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सापडलं ते कृतीत नव्हतंच. उकड मळताना ती शेजारी पाण्याची वाटी ठेवते आणि हात सारखा त्यात बुडवते. ते पाणी कुणी कधी सांगितलंच नाही कारण ते "घालायचं" पाणी नाही, हाताला लावायचं आहे. तोललं तर त्या एका घाण्यात 14 ग्रॅम पाणी त्या वाटीतून उकडीत गेलं होतं. उलट पातेल्यात उकळताना थोडं पाणी वाफ होऊन उडालं ते वेगळंच. तर हिशोब असा लागला: पिठी 118, पातेल्यातलं पाणी 180, तूप 5, हाताचं पाणी 14, बेरीज 317. मळून तयार झालेली उकड तोलली ती 302. म्हणजे 15 ग्रॅम वाफ.

यावरून मला जो आकडा हवा होता तो मिळाला. पिठी 118 तर तयार उकड 302, म्हणजे पिठीच्या दोन पॉइंट छप्पन्न पट. वाटीला वाटी पाणी हे प्रमाण लहान पातेल्यापुरतं खरं असतं, तयार उकडीचं वजन मात्र कुठल्याही पातेल्यात, कुठल्याही आचेवर तेच लागतं. बाकी सगळं मी त्यावरूनच काढलं.

आता वाढवताना. एका मोदकाला पारीची उकड 25 ग्रॅम, आत्येच्या हातचे मोदक तोलून ठरवलं, तिचे काही अगदी एकसारखे नसतात पण त्याच्या आसपास. दोनशे दहाला 5250, हाताला, ताटाला चिकटून जाते ती आणि थोडी उरायला हवी ती धरून 5500 ग्रॅम. भागिले 2.56, पिठी झाली 2150 ग्रॅम. ही एकाच घाण्यात करायची नाही, कितीही मोठं पातेलं असलं तरी. दोन किलो पिठी उकळत्या पाण्यात एकदम टाकली की कालथा तळापर्यंत फिरत नाही, मध्ये कोरड्या गाठी राहतात, आणि उकड गरम गरम मळायची असते ती मळून होईपर्यंत बाकीची थंड पडून कोरडी पडते. म्हणून चार घाणे, प्रत्येकी 540 ग्रॅम पिठी.

आणि इथेच नुसतं गुणून चालत नाही. गुणाकाराने एका घाण्याला पातेल्यात 824 ग्रॅम पाणी येतं. पण लहान पातेल्यात 180 पैकी 15 उडालं म्हणजे जवळजवळ बारावा हिस्सा, मोठ्या पातेल्यात पाणी जास्त आणि त्या मानाने उघडं तोंड कमी, शिवाय मी झाकण ठेवते, त्यामुळे तेवढ्या प्रमाणात उडत नाही. जास्तीचं 30-40 ग्रॅम उकडीतच राहतं आणि ती सैल होते, पारी करताना बोटाला चिकटते, कळ्या पाडल्या की लगेच आडव्या पडतात. म्हणून उलटीकडून गेले. 540 ग्रॅम पिठीची तयार उकड 1380 च्या आसपास हवी. त्यातून पिठी आणि 23 ग्रॅम तूप वजा केलं की पाणी राहिलं 817, पैकी 64 हाताला, म्हणून उकळी आल्यानंतर पातेल्यात 753 पाहिजे. 800 घालून झाकण ठेवून उकळी आणायची, पातेलं काट्यावर ठेवायचं, जास्त असेल तर आणखी उकळू द्यायचं, कमी असेल तर गरम पाणी घालायचं. काट्यावर सरळ तापलेलं पातेलं नका ठेवू हं, वितळेल किंवा आकडा भलताच दाखवेल. मी मध्ये लाकडी पाट ठेवला आणि पाट नि रिकामं पातेलं धरून शून्य केला.

हाताचं पाणी म्हणून 64 ग्रॅम एका भांड्यात काढून ठेवलं. संपलं की थांबायचं, पण आधी बघायचं. लिंबाएवढी गोळी घेऊन दाबली की कडेला चिरा पडल्या तर अजून हवंय, गुळगुळीत राहिली तर भांड्यात पाणी उरलं तरी बास. पहिल्या घाण्यात थोडं उरलं, दुसऱ्यात संपूर्ण लागलं, बहुतेक तो जास्त वेळ आचेवर राहिला म्हणून.

मिठाचं सांगते कारण इथे साधा काटा उपयोगाचा नाही. चिमूटभर मीठ एक ग्रॅमच्या काट्यावर ठेवलं की तो शून्यच दाखवतो. आत्येला म्हटलं दहा वेळा चिमूट या वाटीत टाक, दहा चिमटी मिळून 4 ग्रॅम. म्हणजे एका वाटी पिठीला 0.4, सगळ्या पिठीला सात ग्रॅमच्या वर थोडंसं. दहा चिमटीत एखादी लहान एखादी मोठी ते आपोआप सरासरीत येतं.

सारणाला "एक नारळ" हे माप विसरा. आमच्याच परड्यातल्या दोन माडांचे नारळ वेगळे, एकाचं खोवून दीडशे ग्रॅम निघतं आणि दुसऱ्याचं सव्वादोनशे. खोवलेलंच तोलायचं. आत्येच्या दोन वाट्या चव म्हणजे 170 ग्रॅम आणि गूळ चिरलेला 125, शिजून त्याचं 250 सारण झालं, म्हणजे सुमारे पंधरा टक्के पाणी गेलं. मोदकाला 20 ग्रॅम सारण, दोनशे दहाचं 4200, थोडं जास्त धरून 4300. त्याला चव 2925 आणि गूळ 2150 (पिठीही तेवढीच होती, निव्वळ योगायोग, त्यावरून काही नियम बनवू नका). नारळ मी सतरा फोडले, त्यात एक कुजका निघाला.

सारणाचं शिजवणंही वजनावरच सोडलं. मोठ्या कढईत पाणी आटायला फार वेळ लागतो आणि घड्याळ बघून केलं तर ओलं राहतं, मग वाफवताना मोदक तळाशी फुटतो. उलट जास्त शिजलं की गार झाल्यावर गुळाचा दगड होतो. रिकामी कढई आधी तोलून ठेवली होती, दोन घाण्यांत केलं, आणि आतलं वजन सुरुवातीच्या 85 टक्क्यांवर आलं की गॅस बंद. सारखं काट्यावर चढवायला कंटाळा येतो खरा, पण शेवटी शेवटी दोन-तीनदा तोललं की पुरतं. वेलची मात्र मी गुणून घातली नाही, पाऊण घातली आणि चाखून वाढवली, वास कढईत कसा उतरतो ते चाखल्याशिवाय कळत नाही.

हे सगळे आकडे या पिठीचे आहेत हे लक्षात ठेवा. तांदूळ जुना असेल तर पाणी जास्त ओढतो, नवा कमी, आणि पावसाळ्यात आमच्याकडे डब्यातली पिठीसुद्धा सर्द होते. म्हणून दळून आणलेल्या त्याच पिठीचा एक लहान घाणा आदल्या दिवशी करून बघायचा, उकड तोलून पट काढायची, ती 2.5 आली काय नि 2.6 आली काय, पुढचं सगळं त्यावरून पुन्हा मांडायचं, पाच मिनिटांचं काम आहे.

वाफवायला वेळ गुणायचा नाही एवढं फक्त नवख्यांना सांगायला हवं. चाळणीत नऊ असोत की एकवीस, पाणी खळखळ उकळत असेल आणि मोदक एकमेकांना टेकले नसतील तर दहा-बारा मिनिटंच. आम्ही दोन मोदकपात्रं आणि एक इडलीचा कुकर लावला होता. शेवटी उकड थोडी उरली, तिच्यात मिरची-जिरं वाटून आत्येने निवगऱ्या केल्या, आणि पुढच्या वेळी उकड मुद्दाम किलोभर जास्त धर म्हणाली.