चार आण्यांचे चोवीस की पंचवीस?

ज्येष्ठ नागरिक संघांसाठी प्रश्नमंजूषांच्या संहिता लिहिणे आणि त्या सादर करणे हे माझे काम आहे. शंभर वर्षांत रोजचे जगणे कसे बदलले, या विषयावरची संहिता मी पुण्यातील एका संघात सादर केली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत विजेवरची पहिली आगगाडी कोणत्या दोन स्थानकांमध्ये धावली, या प्रश्नाला ‘व्हीटी ते कुर्ला’ हे उत्तर लगेच आले. खरी चर्चा रंगली ती नाण्यांच्या फेरीत.

प्रश्न असा होता: 1957 मध्ये दोन आण्यांबद्दल किती नये पैसे धरले जात? एका गटाने साडेबारा हे उत्तर दिले आणि हिशेब म्हणून ते अचूकच होते. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 नये पैसे झाले. त्याआधी रुपयाचे 16 आणे होते, म्हणजे एका आण्याचे सव्वासहा नये पैसे होत. परंतु पाव किंवा अर्ध्या नव्या पैशाचे नाणेच नसल्यामुळे अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यावा आणि अर्ध्याहून अधिक असेल तर पूर्ण पैसा धरावा, असा नियम ठरला. त्यानुसार एका आण्याचे 6, दोन आण्यांचे 12, तीन आण्यांचे 19 आणि चार आण्यांचे 25 नये पैसे होत. संहितेतील उत्तर 12 होते.

तेवढ्यात पहिल्या रांगेतील एक काका उठले. दशमान नाणी आली तेव्हा ते शाळेत होते आणि संध्याकाळी वडिलांच्या किराणा दुकानात बसत असत. ते म्हणाले, “एका आण्याचा गूळ कोणी चार वेळा नेला आणि दर वेळी नवे पैसे दिले, तर आमच्या गल्ल्यात चोवीस पडत; तोच गूळ एकदम नेला तर पंचवीस. बाबा रोज रात्री हा एक पैसा शोधत बसायचे.” जुनी नाणीही बरोबरीने चालत असल्याने गल्ल्यात दोन्ही चलने मिसळत, त्यामुळे ही तफावत नेमकी कोणत्या व्यवहारातून आली हे सापडणे कठीण जाई, असेही त्यांनी सांगितले. तक्त्यातील 19 हा आकडा मला माहीत होता, पण तो गल्ल्यात कसा जाणवतो हे मला त्या दिवशी समजले. एकेक करून दिलेल्या तीन आण्यांचे 18 आणि एकत्र दिलेल्या तीन आण्यांचे 19!

साडेबारा म्हणणाऱ्या गटाला मी अर्धे गुण दिले, कारण प्रश्नात ‘तक्त्यानुसार’ हा शब्द नव्हता. आता संहितेत तो शब्द आहे आणि त्यापुढे काकांच्या गुळाचा उपप्रश्न आहे: चार वेळा मिळून किती आणि एकदम किती? त्याच्या उत्तराखाली सादरकर्त्यासाठी टीप दिली आहे, की 1 जून 1964 पासून नाण्यावरचा ‘नया’ हा शब्द गेला. म्हणून त्यानंतरच्या काळावरच्या प्रश्नात ‘नये पैसे’ असे वाचू नये.