टेस्टच्या आदल्या संध्याकाळी

उद्या माझ्या चार विद्यार्थ्यांची ड्रायव्हिंग टेस्ट आहे. टेस्टच्या आदल्या दिवशी मी कुणालाच गाडी देत नाही, आणि दरवेळी त्यावरून कुरकुर होते. आजही कॉलेजातला पोरगा म्हणालाच, "मॅडम, एकदाच रिव्हर्स घेतो ना!" नाही म्हटलं. आदल्या संध्याकाळी रिव्हर्स चुकला तर रात्रभर तोच डोक्यात फिरतो, आणि बरोबर आला तरी त्यातून नवीन काही हाती लागत नाही. गाडीला कुलूप लावलं, चौघांना बसवलं आणि कागदांपासून सुरुवात केली.

"सगळे कागद आहेत मॅडम" हे वाक्य मी मानत नाही. पिशवी उघडा, कागद टेबलावर पसरा. त्यांच्यासमोरच मी एकेक कागद वाचते आणि तीनच गोष्टी बघते: नाव, तारीख, आणि कागद मूळ आहे की झेरॉक्स. तारखेत लोक हमखास फसतात, कारण नजर कच्चं लायसन मिळालं त्या दिवसाकडे जाते. आपल्याला बघायचा असतो तो संपण्याचा दिवस. टेस्टच्या दिवशी कच्चं लायसन चालू नसेल तर गाडीत बसण्याआधीच सगळं आटोपलं. फोनमधला फोटो कुठे चालतो, कुठे नाही. त्यामुळे ज्या गोष्टीचं मूळ कार्ड किंवा कागद हातात आहे, तो सोबत ठेवायचाच.

आज अडकल्या त्या काकू. कच्च्या लायसनवर लग्नानंतरचं आडनाव आणि ओळखपत्रावर माहेरचं. दोन्ही कार्डं रोज पर्समध्ये शेजारी शेजारी असतात, पण शेजारी ठेवून वाचायची वेळ कधी आली नव्हती. टेस्टच्या ठिकाणी खिडकीतला माणूस मात्र नेमकं तेच करतो. काकू एकदम घाबरल्या. मी म्हटलं, "काकू, हे आज कळलं ते बरंच झालं. दोन्ही नावं ज्या एका कागदावर आहेत तो शोधा. लग्नाचा दाखला असेल, नाव बदलल्याचा असेल. मूळ प्रत आणा. गेल्या गेल्या रांगेत उभं न राहता आधी चौकशीच्या खिडकीवर दाखवा." मान्य करायचं की नाही ते त्यांच्या हातात. पण कागद समोर असला तर निदान बोलता तरी येतं.

चष्म्याचंही तसंच. अर्जात किंवा लायसनवर चष्म्याची नोंद असेल तर उद्या तो नाकावर हवा, खिशात नव्हे. फॅक्टरीत कामाला असलेले आमचे चौथे विद्यार्थी फक्त रात्री चालवताना चष्मा लावतात. त्यांना हे दोनदा सांगितलं, कारण "दिवसा मला स्पष्ट दिसतं" हे त्यांचं उत्तर तयारच होतं.

हेच स्वतःची गाडी आणणार आहेत. म्हटलं, नोंदणीचे आणि विम्याचे कागद दाखवा. ते नीट होते. मग मी गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले आणि ब्रेक दाबायला सांगितला. उजवा लाल दिवा लागला, मधलाही लागला, डावा नाही. ब्रेकचा दिवा चालवणाऱ्याला स्वतःला कधी दिसतच नाही, म्हणून तो किती दिवस बंद आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. मदतीला कुणी नसेल तर अंधारात गाडीची पाठ भिंतीजवळ लावून ब्रेक दाबायचा आणि आरशातून भिंतीवर पडलेला लाल उजेड बघायचा. ते बल्ब बदलायला गेले, तेवढ्यात बाकीच्यांशी वेळेचं बोलून घेतलं.

पहिली टेस्ट 10 वाजता आहे. दारात पोचायचं 9:40 ला. ही 20 मिनिटं कागद दाखवायला, रांगेला आणि बाथरूमला पुरतात. पोरगा म्हणाला, मी 8:30 लाच जाऊन बसतो. अजिबात नको. उशीर वाईट हे सगळ्यांना कळतं, पण फार लवकर जाणंही वाईट हे पटत नाही. बाकावर तास-दीड तास बसलं की बाहेर येणारा प्रत्येक चेहरा दिसतो. कुणीतरी सांगतं, आज साहेब फार कडक आहेत. कुणी न विचारता आपली रडकथा ऐकवतं. आपल्याला जे नीट येतं त्यावरच मग शंका यायला लागते.

लवकर उठायचंच असेल तर तो वेळ गाडीत घालवा. म्हणून 8:30 ला नेहमीच्या जागी भेटायचं, माझ्या गाडीने जाणाऱ्या तिघांनी थोडी थोडी फेरी मारायची आणि तसंच टेस्टच्या जागी पोचायचं. या फेरीमागे एक साधं यांत्रिक कारण आहे. सकाळी थंड असताना इंजिन जरा जास्त वेगाने फिरतं, त्यामुळे क्लच थोडा सोडला की ॲक्सिलरेटर न देताही गाडी सहज सरकते. गरम झालं की तो वेग खाली येतो, आणि तशाच पायाने क्लच सोडला तर गाडी बंद पडते. टेस्टला गाडी गरम असणार, तर पायालाही गरम गाडीचीच सवय हवी. फेरीत नवीन काही शिकवणार नाही, चुकाही काढणार नाही. बूट मात्र शिकताना घालता तेच घाला. जाड तळव्याच्या नव्या बुटातून क्लच कुठे धरतो ते पायाला कळत नाही.

लक्षाबद्दल बोलायला लागलं की सगळे मान डोलावतात आणि कुणाच्या हाती काही लागत नाही. 'मन शांत ठेवा' हा सल्ला मला तरी कधी उपयोगी पडताना दिसला नाही. त्यापेक्षा एकच प्रसंग घ्यावा आणि पार शेवटपर्यंत न्यावा. आज चढावर गाडी बंद पडण्याचा घेतला, कारण चौघांनाही धास्ती त्याचीच आहे.

समजा, चढावर थांबलात. पुन्हा निघताना डावा पाय थरथरतोय. तो का थरथरतो? टाच हवेत आहे आणि पोटरी सगळा भार पेलतेय. त्यात अंगावर ताण. हाफ क्लचवर पाय हलला, क्लच हवा त्यापेक्षा जास्त सुटला, गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद. इथवर फार बिघडलेलं नसतं. बहुतेक ठिकाणी नुसती गाडी बंद पडली म्हणून कुणी नापास करत नाही.

नापास होतो तो पुढच्या चार-पाच सेकंदांत. मागून हॉर्न वाजतो, कान गरम होतात, हात थेट चावीकडे जातो. गियर पहिलाच, क्लच अर्धवट. चावी फिरवली की गाडी उडी मारते. किंवा क्लच दाबतो पण ब्रेक विसरतो, आणि गाडी मागे सरकायला लागते. किंवा हे सगळं जमतं, इंजिन सुरू होतं आणि सुटकेच्या आनंदात आरसा न बघताच निघतो, तेव्हा बाजूने दुचाकी आलेली असते. तिन्हीकडे गाडी ताब्यात नव्हती किंवा रस्ता बघितला नव्हता, आणि नापासाचा शेरा त्यासाठी बसतो.

म्हणून क्रम तोंडाने म्हणून घेतला. उजवा पाय ब्रेकवर, हँडब्रेक ओढा, क्लच पूर्ण दाबा, न्यूट्रल, चावी, पहिला गियर, मग आरसे आणि मान वळवून खांद्यावरून एक नजर. हॉर्न वाजवणाऱ्याला वाजवू द्या, त्याला पास-नापास करायचा अधिकार नाही. (यावर पोरं हसली. हसली की लक्षात राहतं.) आणि थरथरीचा उपाय पायातच आहे: टाच जमिनीला टेकवा. टाच टेकली की पोटरीचा भार उतरतो आणि क्लच पंजाने हळूहळू सोडता येतो. इंजिनचा आवाज जड झाला, गाडीचं नाक जरासं उचललं, की तिथेच पाय थांबवा. मग हँडब्रेक सोडा. गाडी मागे गेली नाही तर निघा.

एवढं करून गाडी निघाली की दुसरा धोका सुरू होतो. माणूस चढ ओलांडतो, पण डोकं चढावरच राहतं. "गेलं वाटतं आपलं." शेजारी साहेब काहीतरी लिहितात, नजर त्यांच्या पेनाकडे जाते. पुढच्या वळणावर इंडिकेटर राहून जातो. हे मी मागच्या सीटवरून इतक्यांदा पाहिलंय की आता चढापेक्षा त्या पुढच्या वळणाचीच जास्त काळजी वाटते. उपाय म्हणून यांना एक काम देऊन ठेवलंय: काहीही चुकलं की पुढे रस्त्यावर दिसणारी पहिली गोष्ट मनात म्हणायची. "सिग्नल लाल." "डावीकडून सायकल." मन एका वेळी एकाच ठिकाणी असतं, तर ते रस्त्यावर असू दे. साहेबांनी काय लिहिलं ते शेवटी कळणारच आहे.

शेवटी तिसरी विद्यार्थिनी, आयटीतली, नाक ओढत म्हणाली, "मॅडम, सर्दीची गोळी रात्री घेऊ की सकाळी?" गोळीने झोप येते का, ते पाकिटावर वाच आणि औषधाच्या दुकानात विचार, असं सांगितलं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, आणि काहींची गुंगी रात्री घेतली तरी सकाळपर्यंत टिकते.

आत्ता काकूंचा फोन येऊन गेला. मूळ दाखला बहिणीकडे आहे, सकाळी तिकडून घेऊन निघणार. म्हणजे 8:30 ची फेरी त्यांची बुडाली. त्यांची टेस्ट 11 ला आहे, आधी खिडकीचं काम आहे, म्हणून 10:20 ला दारात या म्हटलं. आयटीवाली 10:30 ची टेस्ट संपवून आली की गाडी गरमच असेल. मग काकूंना आत बसवून, हँडब्रेक ओढलेला ठेवून, टाच टेकवून दोन-तीनदा नुसता क्लच धरायला लावेन. सीटही पुढे घ्यावी लागेल. आयटीवाली त्यांच्याहून बरीच उंच आहे.