शिडी लागते ते तुमचे : फुलांचे दुकान आणि डेकोरेटर यांच्यातील वाटणीचा माझा अनुभव

पुण्याच्या एका उपनगरात माझे फुलांचे दुकान आहे. रोजच्या पूजेच्या पुड्या, हार, गजरे, सत्यनारायणाची आणि मंगळागौरीची फुले, लग्नसराईत मुंडावळ्या व वरमाला असा माझा व्यवसाय आहे. मंडप आणि रंगमंच सजवण्याची कामे मी घेत नाही. तरीही बारशाचे हार ठरवायला आलेले गिऱ्हाईक हमखास विचारते, "ताई, पाळणा सजवणारे कोणी तुमच्या ओळखीचे आहे का?" अशा वेळी मी जवळच्याच एका डेकोरेटरचा क्रमांक देत असे. ते मला ताई म्हणतात आणि मी त्यांना दादा म्हणते. आमच्यात ठरलेले मात्र काहीही नव्हते.

साधारण आठ महिन्यांनी माझ्या मनात खटकू लागले. मी आठवून मोजले तेव्हा मी सतरा जणांना त्यांच्याकडे पाठवले होते आणि त्यांच्याकडून माझ्याकडे दोघे आले होते. मी हे बोलून दाखवले, तेव्हा दादांच्या आठवणीप्रमाणे माझ्याकडून आलेले फक्त पाच निघाले. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. मी क्रमांक दिलेल्यांपैकी काहींनी फोनच केला नव्हता, काहींनी केला पण माझे नाव सांगितले नव्हते, आणि दोन-तीन जणांनी नुसता भाव विचारून काम दुसऱ्याला दिले होते. मी पाठवलेली माणसे मोजत होते आणि ते मिळालेली कामे मोजत होते.

त्यामुळे पहिली गोष्ट केली ती एक दोनशेपानी वही घालण्याची. तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, कोणी पाठवले, कोणत्या कामासाठी, काम ठरले की नाही आणि बिल किती, एवढेच रकाने ठेवले. मी गिऱ्हाइकाला क्रमांक देताना एक चिठ्ठी देते आणि त्याच दिवशी दादांना "आज एक बारसे पाठवले" एवढाच निरोप पाठवते. गिऱ्हाइकाचा फोन क्रमांक त्याला विचारल्याशिवाय पुढे देत नाही. सुरुवातीला मी तो सरळ देत असे, पण एका बाईंनी "मी हार घ्यायला आले होते, मला डेकोरेशनवाल्यांचे फोन का येतात?" असे सुनावले. चिठ्ठीपासून साठ दिवसांत काम ठरले तर ते माझ्याकडून आलेले धरायचे, आणि गिऱ्हाईक दादांच्या जुन्या यादीत आधीपासूनच असेल तर धरायचे नाही, असे आम्ही ठरवले.

खरी ओढाताण झाली ती पैशांवर. मी कोणाकडून तरी ऐकलेला दहा टक्क्यांचा आकडा मांडला आणि दादांनी तो मान्यही केला, कारण ऐकायला तो सोपा होता. पहिले मोठे काम साखरपुड्याचे आले. बिल ४८,००० रुपयांचे होते, म्हणून मला ४,८०० रुपये मिळाले. दोन आठवड्यांनी त्याच घरातील एक आत्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या चिठ्ठीवर गेलो म्हणून आम्हाला महाग पडले का हो? माझ्या भावजयीच्या मैत्रिणीला तसेच स्टेज कमी पैशांत करून दिले म्हणे." मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही.

संध्याकाळी दादांनी त्या कामाचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. फुलांना १४,००० रुपये गेले, मजुरीला ११,०००, आणि फ्रेम, कापड, दिवे व टेम्पो मिळून ९,०००. हातात उरले १४,००० रुपये, आणि त्यातले ४,८०० म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक मला जात होते. ही तोशीस ते कशी सोसणार? त्यांनी दरपत्रकातच पाच हजार वाढवून ठेवले होते. माझे कमिशन दादांनी दिलेच नव्हते, ते त्या आत्यांच्या घरच्यांनी भरले होते. एकूण बिलावर टक्केवारी लावली की जे पैसे डेकोरेटरच्या हातातून नुसते पुढे जातात, म्हणजे फुलवाल्याचे, मजुरांचे आणि टेम्पोवाल्याचे, त्यांवरही आपण हिस्सा मागत असतो. हे मला आधी कळायला हवे होते, कारण त्यातले १४,००० रुपये माझ्याच दुकानात आले होते.

यावरच दादांचा दुसरा मुद्दा उभा होता आणि तो अर्धा खरा होता. ते म्हणाले, "ताई, मी तुमच्याकडून फुले घेतो, हीच परतफेड नव्हे का? मी मार्केट यार्डातून थेट घेतली तर मला स्वस्त पडतील." माझे म्हणणे असे होते की फुलांतून मिळणारा नफा हा माझ्या वेगळ्या कष्टांचा आहे. पहाटे फुलबाजारात जाऊन मी माल निवडते, गुलाबाची पाने-काटे काढते, गुलछडीची खराब झालेली काडी बाजूला करते आणि सगळे बादल्यांत पाणी घालून हॉलवर पोचवते. शेवटी दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. त्यांच्या कामाची फुले मी फुलबाजारातील बिलावर १५ टक्के लावून देते, जे माझ्या नेहमीच्या दुकानभावापेक्षा बरेच कमी आहे, आणि ते पैसे त्या त्या कामानंतर लगेच चुकते होतात. गिऱ्हाईक पाठवण्याचा हिशेब वहीत स्वतंत्र राहतो. एकमेकांत वजावट केली असती तर कोणत्या पैशावरून भांडतो आहोत हेच कळले नसते.

उरलेल्या रकमेवर १५ टक्के घ्यावे असे मी सुचवले. साखरपुड्याच्या कामात ते २,१०० रुपये झाले असते. पण त्यासाठी प्रत्येक वेळी त्यांनी मला आपला खर्च दाखवायचा, आणि मी त्यांच्या मजुरीच्या आकड्यावर शंका घ्यायची, हे दोघांनाही नको होते. म्हणून आम्ही जुन्या कामांचे हिशेब एकदाच चाळले आणि ठरीव रकमा लिहून काढल्या. दहा हजारांपर्यंतच्या कामाला ४०० रुपये, तीस हजारांपर्यंत १,०००, पंचाहत्तर हजारांपर्यंत २,००० आणि त्यापुढे ३,५००. त्यांनी माझ्याकडे पाठवलेल्या गिऱ्हाइकाचे बिल तीन हजारांच्या आत असेल तर काहीच नाही, दहा हजारांपर्यंत ३०० आणि त्यावर ८०० रुपये. ही रक्कम फक्त पहिल्या कामाची. पुढच्या वेळी तेच घर थेट त्यांच्याकडे गेले तर मी काही मागत नाही. आम्ही एकमेकांना पैसे देतो हे चिठ्ठीवर छापले आहे आणि "आणखी एक दरपत्रक घेऊन पाहा" असेही मी तोंडी सांगते. यामुळे काही गिऱ्हाइके दुसरीकडे जातात, पण त्या आत्यांसारखा प्रश्न पुन्हा कोणी विचारलेला नाही.

कोणाचे काम कोणते, हाही प्रश्न होताच. वराची गाडी मी सजवत असे आणि तीच गाडी दादांच्या दरपत्रकातही असे. दाराचे तोरण कोणी करायचे यावरून एकदा हॉलच्या दारातच आमची माणसे समोरासमोर आली. आमच्याकडे हार ओवणाऱ्या मावशींनी तो तंटा सहज मिटवला. त्या म्हणाल्या, "शिडी लागते ते त्यांचे, बसून होते ते आपले." आम्ही ते तसेच लिहून ठेवले. गाडी आणि घराचे तोरण माझे. हॉलची कमान, मंडप आणि रंगमंच त्यांचे.

फेब्रुवारीत मात्र सगळी लेखी व्यवस्था ताणली गेली. तेरा तारखेच्या एका लग्नाचे दरपत्रक दादांनी डिसेंबरमध्ये माझ्या त्या वेळच्या डच गुलाबाच्या भावावर दिले होते. मावळ-तळेगावच्या पॉलिहाऊसमधला निवडक गुलाब व्हॅलेंटाईन डेच्या आधी परदेशी जातो आणि देशातील मागणीही त्याच आठवड्यात चढते, हे मला ठाऊक होते. पण डिसेंबरात भाव विचारला तेव्हा लग्नाची तारीख मी विचारलीच नाही. बाराला वीस फुलांची जुडी दुपटीहून महाग मिळाली. दादांनी ठरल्या भावानेच माल मागितला, मी फुलबाजारातील बिल दाखवले, आणि लग्नघर तर गुलाबी रंगावर अडून बसले होते. अर्ध्या जागी गुलाबी जरबेरा आणि कार्नेशन लावून ते काम पार पडले आणि वाढलेला खर्च आम्ही निम्मा निम्मा सोसला. आता भाव सांगताना मी आधी तारीख विचारते, आणि दरपत्रकात पर्यायी फुलांची नावे आधीच लिहिलेली असतात. हॉलवर बादल्या उतरवताना फोटो काढतो. तोपर्यंत खराबी माझी, त्यानंतर उन्हात ठेवून गुलाब उमलून गेले तर त्यांची.

कराची बाब सनदी लेखापालांनी लक्षात आणून दिली. ताज्या फुलांवर जीएसटी नसल्याने आणि केवळ करमुक्त मालच विकत असल्याने माझी नोंदणी नव्हती. पण गिऱ्हाईक पाठवण्याचे पैसे ही करपात्र सेवा ठरते आणि ती सुरू झाली की फुलांच्या करमुक्त विक्रीसह एकूण वार्षिक उलाढाल मोजली जाते. ती वीस लाखांच्या वर गेली तर नोंदणी करावी लागते. पैशांऐवजी फुकट फुले किंवा फुकट सजावट घेतली तरी यातून सुटका नाही. माझी उलाढाल साडेसोळा लाखांच्या आसपास होती, म्हणून आम्ही रक्कम बँकेतूनच देतो आणि मी दर तिमाहीला एकूण आकडा पाहते.

सुरुवातीला आम्ही दरमहा हिशेब करत होतो आणि त्यात नेहमी कोणीतरी एक ऋणी दिसे. श्रावणात माझ्याकडे पूजांची गर्दी असते आणि चातुर्मासामुळे त्यांच्याकडे लग्ने नसतात, तर तुळशीच्या लग्नानंतर चित्र उलटते. म्हणून आता पाडवा ते पाडवा मोजतो. पहिल्या पूर्ण वर्षात मी २३ चिठ्ठ्या दिल्या, त्यांतली १४ कामे ठरली आणि त्यांचे १६,५०० रुपये झाले. त्यांनी ९ जणांना पाठवले, ७ जणांनी फुले घेतली आणि माझ्याकडून त्यांना २,५०० रुपये गेले. एक ओळ मात्र तशीच राहिली आहे. त्या घरच्या सूनबाई माझी चिठ्ठी घेऊन गेल्या आणि सासऱ्यांनी त्याच आठवड्यात दादांना जुन्या ओळखीने फोन केला. मी म्हणते काम माझ्याकडून गेले, ते म्हणतात घर त्यांचे आधीपासूनचे. त्या ओळीपुढे आम्ही दोघांनीही प्रश्नचिन्ह काढले आहे.