जवळची कड कुठली?

“इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये वस्तूचे दोन व्ह्यू दिलेत, तिसरा काढायचाय. फर्स्ट अँगल, थर्ड अँगल हे तुम्ही डोळ्यांसमोर आणता तरी कसं?”

पूर्ण वस्तू मी डोळ्यांसमोर आणतच नाही. आधी एवढंच बघतो, की शेजारच्या व्ह्यूची फ्रंट व्ह्यूला लागून असलेली कड वस्तूची पुढची की मागची. थर्ड अँगलमध्ये, म्हणजे ज्या बाजूनं पाहिलं त्याच बाजूला व्ह्यू काढतात तेव्हा, ती पुढची; फर्स्टमध्ये, म्हणजे विरुद्ध बाजूला काढतात तेव्हा, मागची. टॉप व्ह्यू असो वा साइड व्ह्यू, नियम तोच. तरी लोक म्हणतात, “हे पाठांतर झालं.” असेल. पण डोळे मिटून वस्तू फिरवण्यावर माझा पूर्वी फार विश्वास होता, आणि त्यानंच मला फसवलं.

ठोकळा ६० लांब, ४० खोल, २५ उंच. वरून काउंटरबोअर केलेलं, म्हणजे वरच्या तोंडाशी जास्त रुंद असलेलं, आरपार भोक, डाव्या टोकापासून १५ वर. कागदावर फ्रंट व्ह्यू आणि त्याच्या उजवीकडे साइड व्ह्यू, एवढंच. साइड व्ह्यूत भोकाचा मध्य डाव्या कडेपासून १२ वर. टॉप व्ह्यू मला काढायचा होता. मी सवयीनं फर्स्ट अँगल धरला. म्हणजे साइड व्ह्यू डावीकडून पाहिलेला, त्याची डावी कड मागची, भोक मागून १२ वर. ४५ अंशांची रेषा ओढून मापं उतरवली आणि टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली काढला. सगळं चोख जुळलं.

कागद थर्ड अँगलचा होता. भोक पुढून १२ वर हवं होतं. वीस नग झाले आणि सगळे आरशातल्यासारखे उलटे. उलथवून बघितलं, तर काउंटरबोअर खाली जातं. अर्धा फेरा फिरवून बघितलं, तर भोक उजव्या टोकाकडे जातं. टायटल ब्लॉकमधलं कापलेल्या शंकूचं चिन्ह मी पाहिलंच नव्हतं. त्यात वर्तुळं शंकूच्या लहान टोकाशेजारी असली की थर्ड, मोठ्या टोकाशेजारी असली की फर्स्ट.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो: रेषा जुळल्या होत्या ना? जुळणारच. जवळच्या कडेपासूनचं १२ जवळच्याच कडेपासून १२ राहतं. ४५ची रेषा दोन्ही पद्धतींत सारखीच चालते. पुढच्या-मागच्याचं तिला काहीच कळत नाही.

त्या ठोकळ्याला वरच्या पुढच्या कडेला लांबीभर पायरी असती, तर मी वाचलो असतो. पुढची पायरी फ्रंट व्ह्यूत सलग रेषा देते, मागची तुटक. सलग रेषा दिसत असताना पायरी मागे येत असेल, तर अँगल चुकीचा धरला आहे. उभ्या भोकाच्या रेषा मात्र दोन्हीकडे तुटकच.

आणि चिन्ह बघूनही सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. फ्रंट आणि टॉप दोन्ही कोरे चौरस द्या. साइड व्ह्यू चौरस निघेल, उतरत्या पाचरीचा त्रिकोण निघेल, पाव वर्तुळही निघेल. तिन्ही बरोबर. त्यातलं नेमकं कुठलं, हे मीसुद्धा कागद देणाऱ्यालाच विचारतो.